संघात ओळख करून देताना हुद्दा सांगावा की नाही?

शिरोळकर: पुढच्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत नवीन सभासद म्हणून दोन मिनिटं बोलायचंय. मजकूर असा केलाय: "महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. अनेक तालुके, निवडणुका, 2005 आणि 2019 चे महापूर पाहिले. उत्कृष्ट अधिकारी म्हणून सन्मान मिळाला. सध्या पेटी शिकतो." ठीक वाटतं का?

माजी_सचिव: नाही वाटत. नोकरीला अख्खा परिच्छेद आणि पेटीला तीन शब्द! मी आमच्या संघाची सचिव होते, अशा ओळखी पुष्कळ ऐकल्यात. एका साहेबांनी बदल्यांचा इतिहास असा लावला की वाढदिवसांचे सत्कार राहिले आणि चहा गार झाला. समोर बसलेले सगळेच कुठून ना कुठून निवृत्त झालेले असतात हो. सभा संपल्यावर तुमच्याशी काय बोलायचं, एवढं त्यांना कळलं की झालं. पेटीचं नीट सांगा. कुणाकडे शिकता, साथ करण्याइतका हात बसलाय का? आमच्याकडे बायकांचं भजन काळी चार-पाचात, पुरुषांचं काळी एकात. दोन्ही पट्ट्यांत वाजवणारा मिळाला तर भजनी मंडळ त्याला डोक्यावर घेईल. तो सन्मान मात्र काढा.

दक्षिणमुखी: का काढायचा? माणूस कारकुनापासून तहसीलदार झाला, ते काय चोरून झाला? आणि लपवून लपतं थोडंच! पेन्शनच्या रांगेत कुणीतरी ओळखतंच, मग "बघा, सांगितलं नाही" म्हणून कुजबुज. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे.

माजी_सचिव: लपवा कोण म्हणालं? एका वाक्यात सांगा म्हणतेय. वाचून तर बघा आधी.

बांधावरचा: साहेब, तुम्ही तहसीलदार होता म्हणून विचारतो. वडील गेल्यावर धाकट्या भावानं परस्पर वारस नोंदीचा अर्ज केला, त्यात बहिणीचं नावच नाही. आता फेरफाराची नोटीस आलीय. काय करू?

गप्पूशेठ: कोर्टातून वारस दाखला आणल्याशिवाय काही होत नाही. आमचं तसंच झालं, चार वर्षं गेली.

शिरोळकर: गप्पूशेठ, तुमच्यात वाद कोर्टात गेला असेल. साध्या वारस नोंदीला मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि गावातली चौकशी एवढ्यावर बहुधा काम होतं. बांधावरचे, नोटिशीवरची तारीख बघा. पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी लागते आणि नोंद लगेच प्रमाणित होत नाही. त्यातूनही झालीच, तर प्रांताकडे 60 दिवसांत अपील. भाऊ म्हणेल, "ताईनं हक्क सोडलाय." मग नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र दाखव म्हणावं. कोऱ्या कागदावरची सही चालत नाही.

माजी_सचिव: झालं! ओळख रविवारी, कचेरी आजच उघडली. संघात तहसीलदार शब्द उच्चारा, पुढच्या सोमवारी दारात सातबाऱ्यांची चळत. पेटीवर धूळ बसेल ती बसेल.

दक्षिणमुखी: बसू दे! एका बहिणीचं नाव लागलं तर तुमच्या भजनापेक्षा मोठं काम झालं. आणि संघाचं काय सांगता? आमच्या संघात कार्यकारिणी बदलली, त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यायचा असतो, कुणाला पत्ताच नाही. बँकेनं सह्या बदलायला नकार दिला तेव्हा जाग आली. नंतर कळलं, मागच्या ओळीत बसणारे गृहस्थ त्याच कामातून निवृत्त झालेले. त्यांनी ओळख करून देताना फक्त बागकाम सांगितलं होतं. तुमच्यासारख्याच कुणीतरी नम्रपणा शिकवला असणार.

माजी_सचिव: टोमणा पोचला. चला, तुमचं समाधान होणार असेल तर खातं राहू द्या, वर एक वाक्य घाला: "सरकारी कागद वाचायला मदत करीन, सभेनंतर अर्धा तास, घरी नाही." "घरी नाही" मोठ्यानं म्हणा.

शिरोळकर: सन्मान काढला. पूर मात्र ठेवणार. 2019 ला शिरोळ तालुक्यात पंचनामे करताना लोक घरातली भिंत दाखवायचे, पाणी उतरल्यावर राहिलेली मातकट रेघ माझ्या डोक्याच्या वर. ते हुद्द्यात येत नाही. पेटीचं खरं सांगायचं तर भूपाचे अलंकार चाललेत, काळी चार अजून जमत नाही.

माजी_सचिव: मग तेच म्हणा. पूर एका वाक्यात, नाहीतर चहा परत गार.

दक्षिणमुखी: चहाच्या वर काही आहे की नाही तुमच्या संघात?

बांधावरचा: साहेब, पोच म्हणजे शिक्का लागतो की तलाठ्याची नुसती सही चालेल?