मदत हवी आहे: अपूर्णांकाचं वर्कशीट दिसलं की मुलगी रडते

सिडकोची_आई: आम्ही घरीच शिकवतो. सोमवार ते शुक्रवार रोज एक वर्कशीट, २० गणितं, अपूर्णांकांची बेरीज. तिसरा आठवडा चालू आहे. बुधवारपर्यंत कशीबशी करते, गुरुवारी पेन्सिल फेकते. वेळापत्रकात काय बदलू? सोमवारचं आजच छापायचंय.

गणितवाले_काका: वय? आणि नेमकं काय चुकतं? तिने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं टाका.

सिडकोची_आई: दहा पूर्ण. १/२ + १/३ = २/५ लिहिते. १/८ हा १/६ पेक्षा मोठा म्हणते, आठ मोठे म्हणून. समच्छेद दहादा समजावून झाला.

पंचवटीकर: तिरका गुणाकार शिकवा. माझा मुलगा दोन दिवसांत पटापट करायला लागला.

गणितवाले_काका: उत्तर येईल हो, पण १/८ मोठा वाटायचा तो वाटतच राहील. ताई, बेरीज आठवडाभर बंद ठेवा. वर्कशीटवर सहाच प्रश्न, त्यातले पहिले दोन तिला हमखास येणारे.
सोमवारी २४ सेंमीच्या कागदी पट्ट्या कापा. फूटपट्टीने मोजून तिलाच अर्धा, तिसरा, चौथा, सहावा, आठवा भाग आखू द्या. आठवा ३ सेंमी, सहावा ४. कोण मोठा ते तिचं तीच सांगेल. मंगळवार-बुधवार फक्त लहान-मोठा. गुरुवारी एकाच लांबीची वेगळी नावं: १/२, २/४, ३/६. शुक्रवारी तुम्ही सोडवायचं, मुद्दाम एक चूक करायची, ती शोधेल.
पुढच्या सोमवारी तिचंच गणित घ्या. अर्धा १२, तिसरा ८, मिळून २०. सहावा भाग ४ चा, म्हणजे असे पाच: ५/६. मग विचारा, २/५ तर अर्ध्याहूनही कमी, अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं झालं?

पंचवटीकर: एवढा वेळ कुणाला आहे? परीक्षेत पट्ट्या नेणार का?

द्राक्षबाग: पट्ट्या कशाला, भाकरी मोडून दाखवा.

गणितवाले_काका: भाकरीचे चार तुकडे सोपे, तीन सारखे करून बघा.

नाशिकरोड२: आम्हीही मुलाला घरी शिकवायचं म्हणतोय. तुम्ही एनआयओएसला नाव घातलंय का?

सिडकोची_आई: त्यासाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज.

सिडकोची_आई (दहा दिवसांनी): शुक्रवारी माझी चूक तिने लाल पेनने गोल करून दाखवली, आणि खाली स्वतःहून "आई, अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल?" असं लिहिलं. सहा प्रश्नांना रडत नाही. पण आज ३/४ + २/३ दिलं, १८ आणि १६, पट्टी संपली. "मग चुकलंच असणार" म्हणून तिने खोडून टाकलं. आता?

गणितवाले_काका: दुसरी पट्टी पुढे जोडा. ३४ म्हणजे एक पूर्ण आणि वर १० सेंमी. त्या १० ला नाव काय द्यायचं ते तिलाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

पंचवटीकर: तिरक्या गुणाकाराने १७/१२, एका ओळीत.