अनुभव धागा : पहाटे चारचा गजर कुणाला मानवतो, कुणाला नाही?

धागा काढणारी (बेळगाव, टिळकवाडी)

परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडे घराघरांत चारचा गजर लागतो. तालमीत तर तो बारमाही असतो. पहाटे उठण्याचे फायदे सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे नकोत. किती वाजता उठवता, रात्री कितीला झोपायला लावता, कुणाला ते जमत नाही आणि जमत नाही हे कशावरून ओळखता, एवढंच लिहा. ज्यांनी मुलांना, पैलवानांना, रुग्णांना उठवलं आहे त्यांनी जरूर लिहावं.

निपाणीकर काका

ब्राह्ममुहूर्त म्हणजे चार ते साडेपाच. शास्त्रात ठरलेली वेळ आहे, त्यात बदल नाही. तेव्हा हवेत प्राणवायू जास्त असतो, म्हणून वाचलेलं लक्षात राहतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. आजची मुलं रात्री मोबाईल बघतात म्हणून त्यांना उठवत नाही, यापलीकडे यात काही नाही.

पंचांगवाले (खानापूर)

काका, मोबाईलचं बरोबर, पण वेळ ठरलेली नाही. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयावरून मोजतात. एक मुहूर्त साधारण 48 मिनिटांचा. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे 96 मिनिटं आधी तो सुरू होतो आणि 48 मिनिटं आधी संपतो. आता बेळगावचा हिशेब करा. जूनमध्ये इथे सूर्य सहाच्या आसपास उगवतो, म्हणजे मुहूर्त लागतो साडेचारच्या थोडा आधी. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय सातच्याही किंचित पुढे जातो, म्हणजे मुहूर्त लागतो साडेपाचच्या सुमाराला. जानेवारीत चारला उठणारा माणूस मुहूर्ताच्या तब्बल दीड तास आधी उठून बसलेला असतो.

याचं कारण आपलं घड्याळ. भारतीय वेळ 82.5 अंश रेखांशावरून धरलेली आहे आणि बेळगाव आहे 74.5 अंशांच्या जवळ. आठ अंशांचा फरक म्हणजे 32 मिनिटं. आपला सूर्य घड्याळाच्या एवढा मागे चालतो. कोलकात्याला जूनमध्ये पाच वाजायच्या आत उजाडतं, तिथे साडेतीनला उठणं शास्त्राला धरून होईल. तिकडच्या आश्रमाचं वेळापत्रक इकडे भिंतीवर चिकटवलं की गडबड होते. आपल्या जुन्या लोकांना हे घड्याळाशिवाय कळत होतं. कार्तिकातला काकडा बघा, पाचच्या सुमाराला सुरू होतो. नोव्हेंबरच्या मध्याला इथला सूर्योदय 6.35 च्या आसपास, त्यातून 96 मिनिटं वजा करा. बरोबर पाच.

प्राणवायूचं म्हणाल तर पहाटे हवेत त्याचं प्रमाण वाढत नाही. शांतता असते, गारवा असतो, कुणी हाक मारत नाही. तेवढं पुरेसं आहे.

तालीमवाला

आमच्यात चारला उठवायचं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून तयारी असते, ते बाहेरच्याला दिसत न्हाई. जेवण साडेसातच्या आत. नऊला दिवा बंद, मोबाईल वस्तादाच्या खोलीत. पहाटे उठल्यावर आधी पळणं, मग जोर-बैठका, मग खुराक. आणि दुपारी जेवून दीड-दोन तास झोप. ही दुपारची झोप आळस न्हाई, मेहनतीचाच भाग हाय. दोन्ही मिळून साडेआठ-नऊ तास भरतात, तवा कुठं अंग भरतंय.

चूक कुठं हुते? गावातली पोरं बघून चारला उठालीत, पण दुपारी कॉलेजला जातात आणि रात्री अकराला झोपतात. म्हणजे तालमीतलं उठणं तेवढं घेतलं, झोप तिथंच ठेवली. महिन्याभरात दिसतंय: आदल्या दिवसाची अंगदुखी दुसऱ्या दिवशी उतरत न्हाई, खुराक खाऊन वजन वाढत न्हाई, बारकी बारकी दुखापत सुरू हुते. असल्या पोराला आम्ही मेहनत वाढवत न्हाई. आठ दिवस सकाळची सुट्टी देतो, संध्याकाळीच माती. त्यात सुधारला तर समजायचं, झोपेनंच मारलं हुतं.

काही जणांचं अंग सकाळी उघडतच न्हाई. तेच पोरगं संध्याकाळी आखाड्यात दोघांना आवरत न्हाई. तसल्याला मी सहाला उठवतो. बाकीचे वस्ताद ह्याला शिस्त मोडणं म्हणतात.

शरीरक्रियेचे शिक्षक

वस्तादांनी जे ओळखलं आहे त्यामागचं कारण मांडतो. शरीरातलं घड्याळ सर्वांचं सारखं नसतं. माणसाचं आतलं चक्र सरासरी 24 तासांहून थोडं मोठं असतं. प्रकाशामुळे ते रोज जागेवर येतं. कुणाचं लवकर लागतं, कुणाचं उशिरा, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. वयाचा परिणाम तर ठळक आहे. वयात येताना घड्याळ पुढे सरकतं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरावर असतं, मग हळूहळू परत येतं. म्हणजे घरात सर्वांत कडक गजर आपण ज्याच्या उशाशी लावतो, त्याच पीयूसीच्या मुलाला तो सर्वांत कमी मानवतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. सतरा वर्षांचा मुलगा, सुट्टीत गजराशिवाय साडेबाराला झोपतो, साडेआठला उठतो. सुट्टीचे पहिले चार-पाच दिवस धरू नका, त्यात साठलेली झोप फेडली जाते. शरीराचं तापमान रात्री सर्वांत खाली जातं ते नैसर्गिक जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी. या मुलाचं ते साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येईल. त्या बिंदूनंतर डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधी पडलेला प्रकाश उलट ते आणखी पुढे ढकलतो.

आता त्याला चारला उठवून ट्यूबलाइटखाली बसवलं. त्याच्या शरीराच्या लेखी ती अजून रात्र आहे, आणि तो उजेड त्याचं घड्याळ उशिराकडेच ढकलणार. रात्री दहाला अंथरुणावर पडला तरी बारापर्यंत टक्क जागा. वडिलांना वाटतं, मुद्दाम करतो. तीन-चार दिवसांत पुस्तकाचं एकच पान तीनदा वाचणं, दुसऱ्या तासाला वर्गात डोळे मिटणं आणि रविवारी अकरापर्यंत न उठणं, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

लवकर उठवायचंच असेल तर असं करा. पहिले तीन दिवस आठला उठवा आणि लगेच गच्चीवर अर्धा तास, चष्मा-टोपीशिवाय, अर्थात सूर्याकडे थेट न बघता. नंतर दर तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे. सहापर्यंत यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून हे सुट्टीतच सुरू करावं. झोपण्याआधी दोन तास घरातला मोठा दिवा बंद, छोटा पिवळा चालेल. चहा दुपारी तीननंतर नाही. रविवारी जास्तीत जास्त एक तासाची सूट, नाहीतर आठवड्याची कमाई एका सकाळी जाते.

सहाच्या अलीकडे मी सहसा नेत नाही. आठ तास झोप आणि चारचं उठणं, दोन्ही हवं असेल तर रात्री आठला डोळा लागला पाहिजे, आणि या वयाच्या मुलाच्या शरीरात झोपेची तयारीच तेव्हा सुरू झालेली नसते.

चिकोडीची आई

सर, माझी मुलगी तुम्ही लिहिलंय तशीच आहे. दुसरी पीयूसी सायन्स, ट्यूशन सकाळी साडेपाचला चिकोडीत, आम्ही राहतो आठ किलोमीटरवर. साडेचारला उठायलाच लागतं. वीस-वीस मिनिटं सरकवायला वेळ कुठं आहे? ट्यूशनची वेळ माझ्या हातात नाही.

शरीरक्रियेचे शिक्षक

ताई, मग निदान नुकसान कमी करा. साडेचारला घरात उजेड कमीत कमी ठेवा. ट्यूशनमधून परतताना सूर्य वर आलेला असेल, तेव्हा तिला चालत किंवा गाडीवर उघड्या डोळ्यांनी उजेड मिळू द्या. दुपारी कॉलेजहून आल्यावर वीस ते तीस मिनिटं झोप, पण चारच्या आत. आणि रात्री ट्यूशनचा गृहपाठ घेऊन अकरापर्यंत बसवू नका. सकाळी दोन तास जे ऐकलं ते पक्कं व्हायला झोपच लागते.

उद्यमबाग, तिसरी पाळी

मी फाउंड्रीत आहे. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी येतो. आई म्हणते, सूर्य उगवल्यावर झोपू नये, लक्ष्मी जाते. मी मग अकरापर्यंत जागतो आणि झोपतो. लवकर उठायचं म्हणजे मी नक्की कधी उठायचं?

वैद्य (अथणी)

तुमच्यासाठी तो नियमच नाही. अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितलं आहे ते निरोगी माणसाला. अष्टांगसंग्रहात तर आधी रात्रीचं अन्न पचलं की नाही ते बघायला सांगितलं आहे. जड ढेकर, पोटात गुबारा असेल तर पडून राहावं. आणि ज्याला सवय नसताना रात्री जागावं लागलं, त्यानं जेवढं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावं, असंही वाग्भटच सांगतो. ही ओळ शिस्त लावणारे कधी वाचून दाखवत नाहीत.

तेव्हा घरी या, हलकं काही पोटात घालायचं तर थोडंसंच, खोली अंधारी करा आणि झोपा. येताना उन्हात काळा चष्मा लावलात तर झोप लवकर येईल, हे मात्र आमच्या ग्रंथातलं नाही, डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे. आईंना सांगा, वाग्भटाची परवानगी आहे.

म्हशीवाली काकी

तुमचं सगळं ठीक, पण म्हशीला विचारा. धार पाचला काढली तर संध्याकाळी पण पाचच्या आसपासच काढायला लागते. अंतर कमी-जास्त झालं की एका वेळेचं दूध कमी पडतं आणि कास ताठते. डेअरीचा माणूस थांबत न्हाई. आमच्याकडं घरातल्या माणसांच्या घड्याळाप्रमाणं वाटणी आहे. सकाळची धार सासूबाई काढतात, त्यांना साडेतीनलाच जाग येते. संध्याकाळची धार थोरला मुलगा. सकाळी त्याला बसवला की म्हैस पान्हा चोरते, हात सुस्त असतात म्हणून.

निपाणीकर काका

काकी, तुमच्या सासूबाई साडेतीनला उठतात ती सवय आहे. तरुणपणी लावली म्हणून आज येते. मुलालाही लावली असती तर आली असती.

शरीरक्रियेचे शिक्षक

काका, सवयीचा वाटा आहे, नाकारत नाही. पण साठीनंतर घड्याळ आपोआप अलीकडे येतं. त्यांना रात्री आठलाच पेंग येत असेल आणि दिवसभर ताज्या असतील तर काही करू नये. दिवसा थकवा वाटत असेल तर संध्याकाळी पाचनंतर अंगणात उजेडात बसवा, पहाटेचा दिवा लावायला उशीर करा. काही आठवड्यांत जाग अर्धा-एक तास पुढे जाऊ शकते.

तालीमवाला

सर, एक इच्चारतो. संध्याकाळी ज्याचं अंग उघडतंय त्या पोराची कुस्ती सकाळी दहाला लागली तर? मैदानाची वेळ आम्ही ठरवत न्हाई. त्याला आठ-पंधरा दिवस आधीपासून सकाळची मेहनत द्यायची, की रोजचंच चालू ठेवून त्या दिवशी नुसतं अंग जास्त तापवायचं? दोन वस्तादांची दोन मतं हायत.

शरीरक्रियेचे शिक्षक

पंधरा दिवस हातात असतील तर उठणं, उजेड आणि मेहनत तिन्ही बरोबर सरकवा. तीनच दिवस असतील तर झोपेला हात लावू नका, अंग तापवायला दुप्पट वेळ द्या. मधल्या आठ दिवसांबाबत मीही तुमच्या दोन वस्तादांसारखाच आहे, काही मुलांना सरकवून फायदा होतो, काही नुसती चिडचिडी होतात. आधीच्या एखाद्या छोट्या मैदानाला करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.