खाते नसलेल्याला प्लेलिस्टची लिंक पाठवावी का?

धागाकर्ती: मी स्पॉटिफायवर तयार केलेली प्लेलिस्ट काकांना पाठवली. त्यांचे तेथे खाते नाही. त्यांना ती ऐकू येणार नसेल, तर अशी लिंक पाठवण्यात काय अर्थ आहे?

खर्ज: माझ्या मते फारसा नाही. लिंक ब्राउझरमध्ये उघडते, गाण्यांची नावे आणि चित्रे दिसतात, पण प्लेचे बटण दाबले की खाते उघडण्याची सूचना पुढे येते. एखाद्या लेखात तीच प्लेलिस्ट लहान प्लेअर म्हणून बसवलेली असेल, तर खात्यावाचून प्रत्येक गाण्याचा सुमारे 30 सेकंदांचा तुकडा वाजतो, आणि तो गाण्याच्या आरंभापासूनच घेतलेला असेल असे नाही. संथ आलापाने उघडणारी रचना अशा तुकड्यात मध्येच सुरू होते आणि मध्येच तुटते. ऐकणाऱ्याला वाटते की गाणेच एवढे आहे.

वाटसरू: प्लेलिस्ट खाजगी राहिली असेल. ती सार्वजनिक केली की सगळे सुरळीत वाजेल.

खर्ज: यूट्यूबच्या बाबतीत आपले म्हणणे रास्त आहे, कारण तेथील खाजगी यादी लिंक मिळूनही परक्याला उघडत नाही, ‘अनलिस्टेड’ ठेवली तर लिंक असलेल्या कोणालाही उघडते. येथे मात्र अडसर प्लेलिस्टचा नसून खात्याचा आहे. तसेच लिंकच्या शेवटी दिसणारे `?si=` आणि त्यापुढची अक्षरे ही ऐकण्याची परवानगी नव्हे. ती काढून टाकली तरी तेच पान उघडते.

निशिगंध: मला हा सूर पटत नाही. मोफत खाते काढले की जाहिरातींसह पूर्ण गाणी मिळतात. नाव-ईमेल द्यायला इतके कचरावे का? शिवाय यूट्यूबवर तेच गाणे कोणीतरी भलत्याच ध्वनिमुद्रणातून चढवलेले असते, आणि तुम्ही निवडलेली आवृत्ती बाजूलाच राहते.

खर्ज: आवृत्तीचा मुद्दा मान्य आहे. पण एका गाण्यासाठी कोणाला खाते काढायला लावणे मला अजूनही अवाजवी वाटते.

वाटसरू: माझ्या भावाला यूट्यूबची यादी उघडली, पण त्यातील एक गाणे त्याच्या देशात वाजतच नाही. तेथे खाते काढून काय साधणार?

खर्ज: काहीच नाही, तो प्रसारणहक्कांचा प्रश्न आहे. वयोमर्यादा लावलेला व्हिडिओ असेल तर मात्र लॉगिन मागितले जाते. धागाकर्तीने लिंक पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावी. आपण स्वतः लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये सगळे पूर्ण वाजते, म्हणून समोरच्यालाही तसेच वाजेल असा समज होतो.

धागाकर्ती: तसे करून पाहिले, आणि खरोखरच नोंदणीची चौकट आली. काकांसाठी त्यातील मोजकी गाणी यूट्यूबच्या अनलिस्टेड यादीत लावते आहे. दोन गाण्यांच्या मूळ आवृत्त्या मात्र तेथे सापडत नाहीत.

निशिगंध: त्या दोन गाण्यांपुरते तरी खाते काढून द्याच!