मदत हवी आहे : शाळेचा हॉल संध्याकाळी गोधडी-वर्गासाठी भाड्याने मागायचा आहे, मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहू?

उदगीरची_सुई

नमस्कार. आमच्या गल्लीजवळ एका संस्थेची अनुदानित शाळा आहे. शाळा पाचला सुटते आणि तिचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो. तिथं बायांना गोधडी आणि हातशिलाई शिकवायचा विचार आहे. घरी जागा पुरत नाही, कारण वाकळ पसरायला मोकळी फरशी लागते आणि चौघी एका वाकळीभोवती बसल्या की खोली भरते. मी असा मसुदा केला आहे :

"मा. मुख्याध्यापक महोदय, मी एक गृहिणी असून महिलांना हस्तकला शिकवू इच्छिते. तरी आपण आपल्या शाळेचा हॉल संध्याकाळी नाममात्र भाड्याने उपलब्ध करून द्यावा ही नम्र विनंती. महिलांच्या सक्षमीकरणास हातभार लागेल."

एवढं पुरेल का? काय घालू, काय काढू?

वैशाली_नांदेड

ताई, हस्तकलेचा तास हवा असेल तर कार्यानुभवाच्या सरांना भेटा. मुलांना कागदकाम आवडतं, आणि तासिका मिळाल्या तर मानधनही मिळतं.

उदगीरची_सुई

वैशालीताई, वर्ग शाळेतल्या मुलांसाठी नाही, बाहेरच्या बायांसाठी आहे. शाळेची फक्त जागा हवी आहे.

मांजराकाठ

ताई, मसुदा नम्र आहे, पण वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. शाळेच्या कार्यालयात असं पत्र आलं की मुख्याध्यापकांपुढे तीन प्रश्न उभे राहतात. हॉल कुलूपबंद करायला कोण थांबणार? दुसऱ्या दिवशी परिपाठाला हॉल जसा होता तसा मिळेल का? आणि ही व्यवस्था संपणार कधी? या तिन्हींची उत्तरं पत्रात नसतील तर "बघू, मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणून कागद फाइलला लागतो.

पहिली दुरुस्ती पत्त्याची. अनुदानित शाळेची इमारत बहुधा संस्थेची असते. मुख्याध्यापक शिफारस करतात, पण भाड्याचा निर्णय संस्था किंवा शाळा समिती ठराव करून घेते. म्हणून "प्रति, मा. सचिव" असं लिहून खाली "मार्फत : मा. मुख्याध्यापक" लिहा. आधी मुख्याध्यापकांना भेटून मसुदा दाखवा. आपल्याला डावलून वर गेलं असं त्यांना वाटलं, तर शिफारस तिथेच अडकते.

दुसरी दुरुस्ती, "नाममात्र भाडे" हे शब्द काढा. आकडा तुम्हीच लिहा. आकडा नसला की समितीत एक जण शंभर म्हणतो, दुसरा पाच हजार, आणि ठराव पुढच्या बैठकीवर जातो.

परळीचा_भाऊ

एवढी भानगड कशाला? बचत गटाच्या नावानं अर्ज करा, गटाला शाळेची जागा फुकट देतात. आणि सही मुख्याध्यापकांची घेतली की झालं.

मांजराकाठ

भाऊ, गटाच्या नावाचा फायदा नक्की आहे. गटाला बँक खातं असतं, अध्यक्ष-सचिव असतात, जबाबदारी एकटीवर येत नाही. पण जागा फुकट द्यायला संस्था बांधलेली नाही. नुसत्या मुख्याध्यापकांच्या सहीवर वर्ग सुरू केला आणि उद्या त्यांची बदली झाली, तर नवे मुख्याध्यापक "ठराव कुठे आहे?" एवढंच विचारतील आणि वर्ग त्याच दिवशी बंद होईल.

आणखी एक. पत्रात "भाडेपट्टा" हा शब्द नको. "ठरावीक वेळेपुरती वापराची परवानगी" म्हणा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या तीन महिन्यांच्या वर्गाचा त्याच्याशी संबंध नाही, पण तो शब्द दिसला की सचिव बिचकतात. हॉलचा ताबा, किल्ली, पाटी, सामान ठेवायला कपाट, यांतलं काहीही मागत नाही हे सरळ लिहा. जागा अडकून पडण्याची भीती एवढ्यानं जाते.

उदगीरची_सुई

हे खूप उपयोगी आहे. भाड्याचा आकडा कसा काढू? बाया 20 येतील असं वाटतं, महिन्याला फी 600 ठेवणार आहे.

मांजराकाठ

वीस धरून हिशेब करू नका, दहा धरून करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते साडेसात, म्हणजे महिन्यात साधारण 12 वर्ग. दर वर्गाला भाडे 150 म्हटलं तर महिन्याचे 1800. शाळेतला सेवक तुमच्यासाठी दोन तास जास्त थांबणार, त्याचे दर वर्गाला 100 धरले तर 1200. हे शाळेच्या भाड्यात मिसळू नका, वेगळं दाखवा. सेवकाला काही मिळणार नसेल तर आठव्या दिवशी हॉल उघडायला माणूस सापडत नाही.

विजेचं बघा. 20 वॉटच्या आठ ट्यूब आणि 75 वॉटचे सहा पंखे मिळून 610 वॉट होतात. दोन तासांना सव्वा युनिटच्या आत, महिन्याला साधारण 15 युनिट. 200 रुपये वेगळे देऊ केले तरी कुणी वाद घालणार नाही. एकूण खर्च 3200. दहा बायांची फी 6000, म्हणजे तुम्हाला 2800 उरतात. सहा बाया आल्या तरी खर्च निघतो, पाच आल्या तर पदरचे 200 जातात. म्हणून सहा नावं सहीनिशी जमल्याशिवाय पत्र देऊ नका, आणि ती यादी पत्राला जोडा.

गोधडीवाली_परभणी

हिशेबाचं दादांनी सांगितलं, मी फरशीचं सांगते. संध्याकाळच्या वर्गाचा खरा धोका सुईचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं त्याच फरशीवर अनवाणी परिपाठाला बसतात. एक सुई कुणाच्या पायात गेली की वर्ग बंद, मग पत्र कितीही चांगलं असो.

प्रत्येकीला दोनच सुया द्या, वीस जणींना चाळीस. सुया लोकरीच्या गुंडाळीत टोचून एका डब्यात ठेवायच्या, वर्ग सुरू होताना आणि संपताना मोजायच्या. कमी भरली तर कुणी उठायचं नाही. बहुतेक वेळा ती वाकळीतच अडकलेली असते, म्हणून आधी कापड हातानं चाचपायचं. मग जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फरशीवरून ओढत न्यायचं. आधी झाडू मारला तर सुई फरशीच्या फटीत जाते, म्हणून चुंबक आधी आणि झाडू नंतर. हे पत्रात दोन ओळींत लिहा.

जागेचंही लिहा. पाच बाय सात फुटांच्या वाकळीभोवती चौघी बसल्या की आठ बाय दहा फूट लागतात. पाच वाकळींना 400 चौरस फूट झाले. पूर्ण हॉल नको, हे सांगितल्यानं त्यांना बरं वाटेल. बाकं सरकवावी लागणार असतील तर ती कोण सरकवेल आणि परत लावेल, तेही.

आणि एक तुमच्यासाठी. जुन्या लुगड्याचे थर अंथरताना पंखे बंद ठेवा. वारा थर उचलतो, आत चुणी पडते आणि ती टाके घातल्यावरच दिसते. चारी बाजूंनी हातभर अंतरावर कच्चे टाके पडले की मग पंखे लावा.

परळीचा_भाऊ

चुंबकाचं पत्रात लिहिलं तर उलट घाबरतील की.

गोधडीवाली_परभणी

भाऊ, सुई हे शिकवायचं साधनच आहे, ते त्यांना माहीत आहे. न लिहिलं तर समितीतलं कुणीतरी विचारणारच, आणि तेव्हा ताई तिथं उत्तर द्यायला नसतील.

उदगीरची_सुई

सगळ्यांचं ऐकून नवा मसुदा केला आहे. बघा बरं.

"प्रति, मा. सचिव (संस्थेचे नाव)
मार्फत : मा. मुख्याध्यापक

विषय : शाळेच्या हॉलचा संध्याकाळी गोधडी-वर्गासाठी तीन महिने वापर करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी शाळेजवळ राहणारी गृहिणी असून हाताने गोधडी शिवण्याचा वर्ग घेऊ इच्छिते. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात सोमवार, बुधवार व शुक्रवारी सायंकाळी 5.30 ते 7.30 या वेळेत हॉलचा सुमारे 400 चौरस फूट भाग वापरण्यास परवानगी मिळावी.

प्रत्येक वर्गास 150 रुपये भाडे, शाळेच्या सेवकास 100 रुपये मानधन आणि महिन्याला 200 रुपये वीजखर्च देण्यास मी तयार आहे. सर्व रक्कम संस्थेच्या खात्यावर भरून पावती घेईन. 2000 रुपये अनामत देईन. हॉल उघडणे व बंद करणे शाळेचा सेवकच करील, किल्ली मी घेणार नाही. हॉलमध्ये सामान ठेवणार नाही, पाटी लावणार नाही, शाळेचा पत्ता कुठल्याही नोंदणीसाठी वापरणार नाही.

वर्गाच्या सुरुवातीला व शेवटी सुया मोजल्या जातील, फरशी चुंबकाने तपासून झाडून घेतली जाईल. बाके आम्ही सरकवू व परत लावू. परीक्षा, निवडणूक किंवा शाळेच्या कार्यक्रमासाठी हॉल लागल्यास दोन दिवस आधी कळवावे, त्या दिवशी वर्ग घेणार नाही व त्या दिवसाचे भाडे आकारले जाऊ नये. मुदत संपल्यावर परवानगी आपोआप संपेल.

सोबत : इच्छुक महिलांची सहीनिशी यादी, ओळखपत्राची प्रत, गोधड्यांचे दोन फोटो."

मांजराकाठ

छान झालं. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती पोहोच असली की पंधरा दिवसांनी "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जाचं काय झालं" असं विचारता येतं.

तारखांकडे मात्र एकदा बघा. सप्टेंबर अखेरपर्यंतच्या मुदतीत गणपती येतात, आणि महालक्ष्म्यांच्या दिवसांत बाया येणार नाहीत. तुमच्या बाजूनं सुट्टी घेतली तर त्या वर्गाचं भाडं द्यायचं का, हे मसुद्यात नाही. ते आधी ठरवून एक ओळ वाढवा.

जालनेकर

जिल्हा परिषदेच्या शाळेलाही हेच पत्र चालेल का?

मांजराकाठ

नाही, तसंच्या तसं नाही. तिथं संस्थेचे सचिव नसतात, मालमत्ता जिल्हा परिषदेची असते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव उपयोगाचा आहे, पण परवानगी कुणी द्यायची हे तुमच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून मगच "प्रति" लिहा.

परळीचा_भाऊ

माझी एक शंका राहिली. शाळेची वीज शाळेच्या दरानं येते. बाहेरच्या फीच्या वर्गाला ती वापरली तर महावितरण वेगळ्या कारणासाठी वापर म्हणून बिल लावेल का?

मांजराकाठ

भाऊ, प्रश्न रास्त आहे. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली आकारणी होऊ शकते. आठवड्यातून सहा तासांचा शिलाईवर्ग त्यात धरतील की शिक्षणच म्हणतील, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ताई, सचिवांनी विचारलं तर महावितरणच्या कार्यालयाला लेखी विचारून घेऊ म्हणा. तोवर इस्त्री, शेगडी असलं काही हॉलच्या प्लगला लावू नका.

उदगीरची_सुई

इस्त्री लागतच नाही. सुट्टीच्या भाड्याची ओळ वाढवते आहे : आमच्या बाजूने वर्ग बंद ठेवल्यास निम्मे भाडे, 75 रुपये. सध्या यादीवर आठ सह्या आहेत. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटते, आवक क्रमांक मिळाला की इथं कळवते.