शब्दचर्चा: प्रबंधाच्या कोरियन शीर्षकात 'दलित' आणि 'धर्मांतर'

मृणाल: सोलमध्ये माझा इंग्रजी प्रबंध जमा करायचा आहे. विषय डॉ. आंबेडकरांचे १९५६ चे नागपुरातले धर्मांतर आणि दलित अस्मिता. कोरियन शीर्षक आणि सूचक शब्द मलाच द्यायचे आहेत. कोशात 'दलित'साठी 불가촉천민 आणि 'कन्व्हर्जन'साठी 전환 मिळाले. हेच टाकू का?

प्रसाद: परकी नावं रोमनमध्येच ठेव. संशोधक इंग्रजीतच शोधतात.

वसुधा: प्रसाद, इंग्रजी शीर्षकाची नोंद होतेच, त्यामुळे इंग्रजीत शोधणाऱ्याची सोय आधीच झालेली असते. कोरियन शीर्षक लागतं ते हंगुलमध्ये शोधणाऱ्याला.

मृणाल, 전환 (जॉनह्वान) नको. ऊर्जासंक्रमणालाही 에너지 전환 म्हणतात, त्या गर्दीत तुझा प्रबंध हरवेल. धर्म बदलण्याला 개종 (गेजोंग) म्हणतात. 불가촉천민 म्हणजे 'स्पर्श करू नये असे हीन लोक', ते शीर्षकात अजिबात नको. तिथे 'दलित' हाच शब्द हंगुल लिपीत, 달리트 असा लिही. पण काही जण 달릿 लिहितात. एक टाइप केलं की दुसरं सापडेलच असं नाही, म्हणून दुसरं रूप सूचक शब्दांत दे. RISS या कोरियन संशोधन शोधण्याच्या संकेतस्थळावर दोन्ही टाकून 학위논문, म्हणजे प्रबंधांच्या यादीत बघ. जास्त दिसेल ते शीर्षकात.

नितीन: माझा मराठी प्रबंध शोधगंगेवर आहे. त्याला कोरियन शीर्षक जोडता येईल का?

वसुधा: नितीनराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथलं तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. इथे प्रबंधच कोरियन विद्यापीठाचा आहे.

मृणाल: मग 'आंबेडकरांचे बौद्ध धर्मांतर आणि दलित अस्मिता: १९५६ चे नागपूर केंद्रस्थानी ठेवून' या अर्थाचं हे कसं वाटतं?

암베드카르의 불교 개종과 달리트 정체성: 1956년 나그푸르를 중심으로

वसुधा: छान! शेवटचं 를 중심으로, म्हणजे 'केंद्रस्थानी ठेवून', ही तिथल्या प्रबंधांची नेहमीची घडण आहे. सूचक शब्दांत मात्र 의, 과, 를 हे प्रत्यय ठेवू नकोस. 암베드카르, 개종, 달리트, 달릿, 나그푸르 असे सुटे दे. आणि 불가촉천민ही दे.

मृणाल: ताई, तो शब्द माझ्या प्रबंधाला चिकटलेला मला नको आहे.

वसुधा: समजतं मला. पण ज्याला 달리트 माहीत नाही तो वाचक तोच शब्द टाइप करणार, आणि तुझ्या प्रबंधापर्यंत त्यालाच पोचवायचं आहे. निर्णय तुझा.

संघमित्रा: मला 개종 खटकतं. त्यात नुसता धर्म बदलणं येतं. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर त्रिशरण घेतलं गेलं, आणि शरण जाण्याला कोरियन बौद्ध 귀의 (ग्वी-उई) म्हणतात.

वसुधा: अर्थाने तुमचं बरोबर आहे. पण 귀의 एकटं टाकलं तर बौद्ध उपासनेवरचं लेखन समोर येईल, जातीचा प्रश्न दिसणारच नाही. मी शीर्षकात 개종 ठेवून 귀의 सूचक शब्दांत घेतलं असतं.

संघमित्रा: मी उलट केलं असतं. मुखपृष्ठावरचे शब्द निवडणं हा संशोधकाचा अधिकार आहे.

मृणाल: दोन्ही शीर्षकं मार्गदर्शकांना दाखवते. परीक्षकांच्या सह्यांच्या पानावरही शीर्षक छापायचं आहे, त्याआधी ठरायला हवं.