हायब्रिडसाठी मॅनेजरला प्रस्ताव दिलाय का? ट्रायल कशी ठरवली, काय मोजलं? (अनुभव धागा)

बिलवाली

आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळावं म्हणून मी सरांकडे दोनदा गेले. पहिल्यांदा प्रवासात किती वेळ जातो, घरी किती शांत असतं हेच सांगत बसले, म्हणजे सगळं माझ्याच सोयीचं. सर म्हणाले, "उद्या बाकीचे पाच जण हेच मागतील, मग मी वर काय सांगू?" त्यांचं बरोबरच होतं, वर सांगण्यासारखं मी त्यांच्या हातात काही दिलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी सहा आठवडे ऑफिसमध्येच बसून स्वतःचं काम मोजलं. व्हेंडरची बिलं तपासते मी. बिल आल्यापासून पास व्हायला सरासरी 2.4 दिवस, चूक निघून शंभरातली 4 परत, आणि सहकाऱ्याने चॅटवर काही विचारलं तर उत्तर साधारण 20 मिनिटांत. मग एका पानाची मेल केली: मंगळवार-गुरुवार घरून, 8 आठवडे, चौथ्या आठवड्यात आढावा, आणि परत येणारी बिलं सलग दोन आठवडे शंभरात 6 च्या वर गेली तर मी स्वतःहून पूर्णवेळ ऑफिसला येईन. या शेवटच्या अटीमुळेच हो म्हणालो असं सरांनी नंतर सांगितलं.

आढाव्याला बिलांचं सगळं ठीक होतं पण घरच्या दिवशी उत्तराचा वेळ 55 मिनिटांवर गेलेला. तोही आकडा दाखवला, आणि 11 ते 1 चॅटवर लगेच उत्तर द्यायचं ठरवलं, शेवटी 25 वर आला. बिलं 2.1 दिवसांत पास, परत येणारी तेवढीच. आता तुमचे अनुभव लिहा.

सरळमार्गी

एवढं कशाला? ट्रॅकर लावा, रोज आठ तास ऑनलाइन दिसलात की विषय संपला. आमच्याकडे तेवढंच बघतात.

कोडकरी

मॅनेजर तेवढंच बघत असेल तर परवानगी मिळेलही, पण त्यातून काम झालं की नाही ते कळत नाही. माझी चूक वेगळी होती, मी बंद केलेल्या टिकेट्सची संख्या हेच माप दिलं. ट्रायलमध्ये नकळत मोठी कामं फोडून छोटी टिकेट्स करायला लागलो, आकडा दीडपट झाला आणि लीडच्या लगेच लक्षात आलं की रिलीज तर तेवढ्याच होतायत. त्यानंतर माझ्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसेना, ट्रायल पाचव्या आठवड्यात बंद.

रजेवरून_परत

मला पूर्णवेळ घरून हवंय आणि तासही कमी हवेत, बाळ सात महिन्यांचं आहे. त्यासाठी पण अशीच ट्रायल मागू का?

टीमलीड_बारा_वर्षं

@रजेवरून_परत, तास कमी करणं म्हणजे पगार, रजा सगळंच बदलतं, ते एचआरकडे वेगळं मांडा. दोन्ही एकत्र मागितलं तर उद्या आकडा घसरला की घरामुळे की कमी तासांमुळे हेच कळणार नाही.

@बिलवाली, मांडणी छान आहे, पण एक विचारतो, पहिल्या सहा आठवड्यांत तिमाहीअखेर आली होती का? आणि ट्रायलमध्ये?

बिलवाली

आली होती, पाचव्या आठवड्यात! ट्रायलमध्ये नाही आली. आत्ता तो आठवडा काढून बघितलं तर आधीची सरासरी 2.2 येते. म्हणजे वेग वाढला असं म्हणता येणार नाही, फक्त काम घसरलं नाही एवढंच. सरांना उद्याच दुरुस्त मेल करते.

टीमलीड_बारा_वर्षं

करा, आणि "घसरलं नाही" एवढं पुरतं. ट्रिप डॉट कॉमने 1612 जणांवर 6 महिने प्रयोग केला होता, दोन दिवस घरून, 2024 मध्ये नेचरमध्ये छापून आला. कामगिरीत फरक नाही, पण नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले. आणि सुरुवातीला नाराज असलेल्या मॅनेजरांचं मत प्रयोगानंतर बदललं. मलाही माणूस टिकला तर हवाच असतो. माझी अडचण वेगळीच आहे, नवीन आलेली मुलं शेजारी बसलेल्याला विचारून शिकतात. शेजारची खुर्ची रिकामी असली की ती विचारतच नाहीत, अडून बसतात. तुमच्या उत्तराच्या वेळात न विचारलेला प्रश्न येतच नाही, आणि तो कसा मोजायचा ते मलाही अजून जमलेलं नाही.

कोडकरी

आमच्याकडे नवीन मुलगा आठवड्याच्या शेवटी कुठे अडकला ते दोन ओळींत लिहायचा. पण संकोची असेल तर तेही लिहित नाही.

अधांतरी

माझी ट्रायल 3 महिन्यांची होती, चांगली झाली, पण शेवटी निर्णय कोण घेणार हे मेलमध्ये लिहिलंच नव्हतं. मॅनेजर बदलला आणि नवीन बाई म्हणतात मला यातलं काही माहीत नाही. घरून काम चालूय पण लेखी काहीच नाही. आता नव्याने प्रस्ताव देऊ की जसं चाललंय तसं चालू देऊ? विचारलं आणि बंदच झालं तर?