‘बघू’ म्हणजे नक्की काय? (आणि सेंटिमेंटला मराठीत काय म्हणाल?)

पाटीपेन्सिल
आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. ग्राहकाशी झालेला फोन लिहून काढायचा आणि तीन रकान्यांत आटोपशीर मांडायचा, हे माझं काम. पहिल्या रकान्यात सेंटिमेंट, दुसऱ्यात रिन्यूअलची जोखीम, तिसऱ्यात ग्राहकाने काय मागितलं. फॉर्म मराठीत करताना पहिल्या रकान्याला ‘भावना’ लिहिलं, तर सगळे हसले. त्यात परवाचा फोन कोल्हापूरच्या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचा, रिन्यूअल मार्चमध्ये. ४० मिनिटांतला कळीचा भाग असा:

‘चालतंय की. तुमच्या पोरीला फोन केला की काम हुतंय. मार्चचं बघू. आमचा हिशेबाचा माणूस नवीन आलाय. तेवढं जुनी बिलं सगळी एक्सेलला काढून मिळत्यात काय?’

मी लिहिलं: समाधानी, जोखीम नाही, मागणी एक्सेलची. साहेबांनी तिन्हीवर लाल रेघ मारली. ‘बघू’ म्हणजे नकार, म्हणाले. खरंच?

शुद्धमती
‘सेंटिमेंट’ला सरळ ‘कल’ म्हणा. आणि ‘रिन्यूअल’ कशाला? नूतनीकरण आहे ना!

मिरजकर
कल निवडणुकीत असतो. फोनवर असतो तो सूर. बाकी आमच्याकडं ‘चालतंय की’ म्हणजे पक्का होकार. पुण्यात ‘चालतंय’ म्हणजे कसंबसं ढकलतोय. तुमचे साहेब पुण्याचे का?

पाटीपेन्सिल
सदाशिव पेठ.

मिरजकर
मग झालं!

जुना बाकडा
मी नऊ वर्षं हेच करतोय. साहेबांनी रेघ बरोबर मारली, कारण मात्र चुकीचं दिलं. एकट्या ‘बघू’वरून काही ठरत नाही, तो कशाला चिकटून आलाय ते बघा. तुम्ही अख्ख्या फोनला एकच सूर लावलात, तिथं घोटाळा झाला. हा माणूस खूश आहे तो तुमच्या पोरीवर. सॉफ्टवेअरबद्दल त्याने एक चांगला शब्द काढलेला नाही. उद्या ती मुलगी नोकरी सोडून गेली की समाधान तिच्याबरोबर गेलं. म्हणून सूर लिहिताना कशाबद्दलचा तेही लिहा: मदतीबद्दल खूश, वस्तूबद्दल गप्प.

दुसरं, हिशेबाचा माणूस बदलला. तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्या हाताला बसलं होतं तो गेला, नवा बहुतेक स्वतःच्या सवयीचं काहीतरी मागेल. हे तुम्ही कुठल्याच रकान्यात टाकलेलं नाही.

आणि एक्सेल. दर महिन्याचा अहवाल एक्सेलला हवा असेल तर ती मागणी. ‘जुनी’ आणि ‘सगळी’ बिलं एकदम हवीत, तेही मार्चच्या तोंडावर, म्हणजे सामान बांधायला घेतलं असू शकतं. तेच वाक्य दोन्ही रकान्यांत जाईल, ग्राहकाच्या शब्दांत, फोनच्या कितव्या मिनिटाला आलं त्या आकड्यासकट. तुमच्या शब्दांत लिहिलंत की पुढचा माणूस तुमचा अंदाज वाचतो, ग्राहक नाही.

मीनल_ठाणे
माझे सासरे घर विकताना गिऱ्हाइकाला ‘बघू’ म्हणाले होते. ते अजून त्याच घरात आहेत. आमच्यात ‘बघू’ नकार, ‘बघतो’ टाळाटाळ, आणि ‘बघून घेतो’ धमकी. जोखमीची पट्टी तयारच आहे 😄

मिरजकर
बाकडेबुवा, पण मागणी तर मागणीच ना? तो म्हणाला, आम्ही लिहिली.

जुना बाकडा
कोण आधी म्हणालं ते बघा. आपलाच माणूस विचारतो, ‘मोबाइलवर दिसलं तर आवडेल का?’ समोरचा म्हणतो, ‘हो, आवडेल की.’ सारांशात येतं, ‘ग्राहकाला मोबाइल ॲप हवं.’ अशा दहा मागण्या जमल्या की कुणीतरी ते बांधायला घेतं, आणि वापरत कुणीच नाही. म्हणून न विचारता आलेली मागणी वेगळी लिहायची.

शुद्धमती
सारांश नव्हे, गोषवारा. हिशेबी कामाला तोच मराठी शब्द आहे.

परदेशस्थ
गोषवारा फारसी आहे, ताई. गोश म्हणजे कान. मूळ अर्थ कानातलं. फोन ऐकून लिहिता, म्हणजे शोभतंयही.

शुद्धमती
कानाशी जोडणं ओढूनताणून वाटतं. आणि रुळलेल्या शब्दाला परका म्हणत नाहीत.

परदेशस्थ
मग ‘रिन्यूअल’ रुळलेला नाही का?

पाटीपेन्सिल
वादात पडत नाही. आज त्यांना फोन करून विचारलं, एक्सेल कशाला? म्हणाले, ‘सीए मागतोय.’ आता जोखीम काढू का?

जुना बाकडा
काढू नका. ‘सीए मागतोय असं सांगितलं’ असं आजच्या तारखेसकट खाली जोडा. नवीन माणसाला अजून भेटला नाहीत ना?

मिरजकर
अहो, सीए मागतो म्हणाले ना! कोल्हापूरचा माणूस सोडणार असता तर तोंडावर सांगितलं असतं.

शुद्धमती
सीए नव्हे, सनदी लेखापाल.